मागे ४३ बाटल्या, समोर शून्य: एका फळीचा प्रकरण अभ्यास

शनिवार, संध्याकाळचे साडेचार. सुपरमार्केटच्या साफसफाईच्या रांगेत भांडी घासायच्या लिक्विडची ७५० मिलीची बाटली संपलेली आहे. कंप्युटर मात्र स्टॉक ४३ दाखवतो, आणि तो खोटं बोलत नाही. बॅकरूममध्ये १२-१२ बाटल्यांचे ३ बंद बॉक्स आणि एका फोडलेल्या बॉक्समध्ये ७ सुट्या बाटल्या आहेत. शुक्रवारी सकाळीच गाडी येऊन गेली. माल वेळेवर आला, ऑर्डरही बरोबर होती. तरी पुढचे तीन तास गिऱ्हाईक रिकाम्या जागेकडे बघून शेजारची बाटली उचलतं किंवा तसंच पुढे जातं.

या लेखातलं दुकान आणि त्याचे आकडे हिशेब दाखवण्यासाठी उभे केलेले आहेत. दुकान मध्यम आकाराचं आहे आणि सकाळी ८ ते रात्री १० उघडं असतं. सुका माल आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी, दुकान उघडण्याआधी येतो. मंगळवारच्या गाडीची ऑर्डर रविवारी रात्री निघते आणि शुक्रवारच्या गाडीची बुधवारी रात्री, म्हणजे ऑर्डर आणि गाडी यांच्यामध्ये विक्रीचा एक पूर्ण दिवस जातो. आकडे बदलतील, पण हा हिशेब बहुतेक दुकानांत असाच बसतो.

फळीवर नेमकं काय घडलं

या बाटलीला दोन फेसिंग होती, म्हणजे पुढून बघितलं तर शेजारीशेजारी दोन बाटल्या दिसत. प्रत्येक फेसिंगच्या मागे खोलीत ८ बाटल्या मावायच्या. बाटलीवर बाटली ठेवता येत नाही, तेव्हा फळीची क्षमता १६.

शुक्रवारी सकाळी गाडी आली तेव्हा फळीवर ११ बाटल्या होत्या आणि गाडीतून ४ बॉक्स उतरले. फळीवर जागा ५ बाटल्यांची. एक बॉक्स फोडून ५ लावल्या, उरलेल्या ७ फोडलेल्या बॉक्ससकट मागे गेल्या आणि ३ बॉक्स न उघडताच परतले. दिवसभरात ९ विकल्या गेल्या. रात्री दुकान बंद होताना फळीवर ७ बाटल्या होत्या आणि ९ ची जागा मोकळी होती.

रात्रपाळीच्या माणसाने बॉक्स ट्रॉलीवर घालून रांगेत आणला, फळीकडे बघितलं आणि परत नेला. त्याचं चुकलं असं म्हणता येणार नाही. १२ चा बॉक्स ९ च्या जागेत बसत नाही. फोडला तर ३ बाटल्या हातात राहतात, त्या मागे नेऊन ठेवायच्या, आणि मागे आधीच एक फोडलेला बॉक्स कुठेतरी पडलाय. रांगेत दीडशे वस्तू लावायच्या असताना माणूस बसणारे बॉक्स आधी लावतो आणि न बसणारे परत पाठवतो. बहुतेक दुकानांत पूर्ण बसत नसेल तर बॉक्स फोडू नका असा नियमच असतो, कारण फोडलेल्या बॉक्सांनी बॅकरूमचा बट्ट्याबोळ होतो.

शनिवारी ७ बाटल्यांवर दिवस सुरू झाला. साडेचारला त्या संपल्या.

इथे एक छोटा हिशेब करून बघण्यासारखा आहे. १६ च्या फळीत १२ चा बॉक्स पूर्ण बसायचा तर फळीवर ४ किंवा त्याहून कमी बाटल्या उरायला हव्यात. शनिवारी संध्याकाळी ही बाटली तासाला साधारण दीड खपते. म्हणजे बॉक्स बसायला लागल्यापासून फळी रिकामी होईपर्यंत जेमतेम अडीच-पावणेतीन तास मिळतात. एवढ्या वेळात कुणीतरी रांगेतून जायला हवं, बाटल्या कमी झाल्याचं त्याच्या लक्षात यायला हवं, बॅकरूममध्ये बॉक्स सापडायला हवा आणि तो आणून लावायला हवा. याच वेळी बिलिंगला रांगा लागतात आणि माल लावणारी दोन माणसं काउंटरवर बोलावली जातात. अडचण सगळी या एवढ्याशा खिडकीत आहे. बाकीच्या आठवड्यात ही फळी ठीक चालते.

पहिला उपाय, जो उलटला

शनिवारी माल संपतो म्हटल्यावर मॅनेजरने जे बहुतेक जण करतात तेच केलं. बुधवारच्या ऑर्डरमध्ये हाताने दोन बॉक्स वाढवले. शुक्रवारी सकाळी दुकानात ५९ ऐवजी ८३ बाटल्या झाल्या. फळी मात्र १६ चीच होती, म्हणून वाढलेल्या २४ बाटल्या सरळ मागे गेल्या. शनिवारी फळी पुन्हा साडेचारलाच रिकामी झाली.

उलट दुसऱ्याच गोष्टी बिघडल्या. हीच वाढ रांगेतल्या तीस-चाळीस वस्तूंना केली की बॅकरूममध्ये बॉक्स दोन थरांत आणि दोन ओळींत लागतात. पुढच्या ओळीमागे काय आहे ते दिसत नाही, आणि एक बॉक्स काढायला चार हलवावे लागतात. पूर्वी मागे जाऊन बॉक्स आणायला जेवढा वेळ लागे त्याच्या दुप्पट-तिप्पट लागू लागला, आणि ती पावणेतीन तासांची खिडकी आणखी अरुंद झाली. मागे माल वाढला की फळी भरलेली राहील ही समजूत या धंद्यात सगळ्यात महाग पडते. फळीच्या क्षमतेपलीकडचा प्रत्येक बॉक्स निदान दोनदा जास्त हाताळावा लागतो: गाडीतून रांगेत, रांगेतून मागे, मागून पुन्हा रांगेत.

आधी मोजणी

दुसऱ्या फेरीत ऑर्डरला हात न लावता दोन आठवडे फक्त मोजणी केली. रोज सकाळी ११, दुपारी ४ आणि संध्याकाळी ७ वाजता एका माणसाने रांगेतून चालत जाऊन रिकाम्या जागा टिपायच्या. प्रत्येक रिकाम्या जागेसाठी दोन प्रश्न लगेच, त्याच वेळी सोडवायचे: कंप्युटर किती स्टॉक दाखवतो, आणि मागे खरोखर किती आहे. दुसऱ्या दिवशी शोधलं तर उत्तर बदललेलं असतं, म्हणून लगेच.

१४ दिवसांच्या ४२ फेऱ्यांत ही बाटली ९ वेळा रिकामी सापडली. त्यांतल्या ७ वेळा मागे माल होता. एकदा दुकानातच माल नव्हता. आणि एकदा कंप्युटर ५ म्हणत होता पण बाटली कुठेच नव्हती. तिन्ही प्रकारांची औषधं वेगळी आहेत. मागे असून पुढे नाही हा फळी भरण्याचा दोष. दुकानातच नाही हा ऑर्डरचा किंवा पुरवठ्याचा दोष. कंप्युटरवर आहे पण प्रत्यक्षात नाही हा नोंदीचा दोष, आणि तो सगळ्यात चिवट, कारण ५ बाटल्या आहेत असं समजून ऑर्डर निघतच नाही किंवा कमी निघते. या वस्तूत ९ पैकी ७ पहिल्या प्रकारचे निघाले आणि ९ पैकी ६ शनिवार-रविवारचे.

फेऱ्या घालायला माणूस नसेल तर बिलांवरूनही बरंच कळतं. तासागणिक विक्री काढायची. एरवी संध्याकाळी पाच ते आठमध्ये चार-पाच बाटल्या खपतात आणि एखाद्या शनिवारी साडेचारनंतर तीन तास एकही नाही, पण त्याच वेळी शेजारची बाटली नेहमीपेक्षा जास्त, तर फळी रिकामी होती हे जवळपास नक्की. मंद खपाच्या वस्तूला ही युक्ती चालत नाही. दिवसाला एक विकली जाणारी वस्तू तीन तास न विकली गेल्याने काहीच सिद्ध होत नाही.

तासागणिक विक्री बघताना आणखी एक गोष्ट हाती लागली. कंप्युटरच्या हिशेबात शनिवारची सरासरी विक्री १२ होती. पण फळी रिकामी झालेले शनिवार बाजूला काढले तर उरलेल्यांची सरासरी १४ भरली. कंप्युटर विक्री मोजतो, मागणी मोजत नाही. फळी रिकामी असताना परत गेलेलं गिऱ्हाईक त्याला दिसत नाही, म्हणून तो पुढच्या आठवड्याचा अंदाज कमी धरतो. मोजणीनंतर हिशेबाला धरलेली मागणी अशी:

| सोम | मंगळ | बुध | गुरु | शुक्र | शनि | रवि | एकूण |
|---|---|---|---|---|---|---|---|
| ६ | ६ | ६ | ७ | ९ | १४ | १० | ५८ |

फळी किती मोठी हवी

बरेच जण फळीची क्षमता आठवड्याच्या विक्रीशी ताडून बघतात. ५८ ची विक्री आणि १६ ची फळी म्हटलं की फेसिंग दुप्पट करा असा सूर निघतो. पण फळीला आठवडा पुरायचं नसतं. एकदा भरल्यापासून पुन्हा भरायची खात्रीची वेळ येईपर्यंत ती पुरली की झालं. खात्रीची वेळ म्हणजे जेव्हा माणूस हमखास मोकळा असतो आणि रांगेत गर्दी नसते: रात्री दुकान बंद झाल्यावर किंवा सकाळी उघडण्याआधी. दिवसा मधेच भरू हे गृहीत धरलं की फळी बिलिंगच्या रांगेवर अवलंबून राहते.

तेव्हा प्रश्न असा होतो: सगळ्यात मोठ्या दिवसाची मागणी फळी एकटी पेलू शकते का? शनिवारची सरासरी १४, पण सगळे शनिवार सारखे नसतात. चढउतारासाठी एक साधा अंदाज वापरता येतो: सरासरीला दीडने गुणायचं, त्याचं वर्गमूळ काढायचं आणि त्याची दुप्पट वर धरायची. (दीड हा आकडा या वस्तूच्या विक्रीतल्या चढउतारावरून घेतलेला आहे. जाहिरात-सवलतीच्या वस्तूला तो बराच मोठा निघेल.) १४ साठी हा वरचा भाग वर ओढून १० येतो, म्हणजे फळी २४ ची हवी. प्रत्येक फेसिंगमागे ८ बाटल्या, तेव्हा ३ फेसिंग. दोन फेसिंगची फळी शनिवारी सकाळी काठोकाठ भरलेली असती तरी साधारण तीनपैकी एका शनिवारी ती संपलीच असती, आणि ती भरलेली तर कधीच नसायची.

दुसरी अट बॉक्सची. फळीत निदान दीड बॉक्स मावावा असा जुना ठोकताळा आहे, म्हणजे अर्धा बॉक्स उरलेला असतानाच नवा पूर्ण बॉक्स बसतो. इथे दीड बॉक्स म्हणजे १८. दोन फेसिंगची १६ ची फळी या अटीतच नापास होती, आणि हे कागदावर दोन मिनिटांत दिसलं असतं. २४ च्या फळीत १२ उरल्या असतानाच बॉक्स बसतो.

एक फेसिंग कुणाचं काढायचं

फळीची लांबी ठरलेली असते, त्यामुळे एकाला द्यायचं म्हणजे दुसऱ्याचं काढायचं. शेजारी याच बाटलीचे दोन भाऊबंद होते, दोन्ही ३ फेसिंगवर, २४-२४ क्षमतेचे.

पहिला वेगळ्या सुगंधाचा, आठवड्याला ८ खपणारा, १२ च्या बॉक्समध्ये येणारा. त्याचं एक फेसिंग काढलं तर फळी १६ ची, दीड बॉक्सपेक्षा कमी. म्हणजे एका वस्तूची अडचण उचलून दुसरीला चिकटवल्यासारखं झालं असतं. खप कमी असल्याने तो क्वचित रिकामा झाला असता, पण त्याचा प्रत्येक बॉक्स फोडावा लागला असता.

दुसरा आठवड्याला ५ खपणारा, ६ च्या बॉक्समध्ये येणारा. दोन फेसिंगवर त्याची क्षमता १६ उरते. त्याची ऑर्डर-पातळी, म्हणजे ऑर्डर काढताना एकूण किती माल असायला हवा तो आकडा, ९ निघते, आणि गाडी आल्यावर स्टॉक जास्तीत जास्त १४ च्या आसपास जातो. सगळा माल थेट फळीवर बसतो, बॅकरूमचा संबंधच येत नाही. त्याला आणखी दाबून एका फेसिंगवर आणलं असतं तर ८ ची जागा आणि ९ ची ऑर्डर-पातळी, म्हणजे तोही मागच्या खोलीचा गिऱ्हाईक झाला असता. तेव्हा त्याचं एकच फेसिंग काढलं.

प्लॅनोग्राम, म्हणजे फळीवरच्या मांडणीचा नकाशा, बदलताना एक किरकोळ वाटणारी गोष्ट राहून जाते: फळीवरची लेबलं आणि कंप्युटरमधली क्षमता दोन्ही त्याच दिवशी बदलावी लागतात. फळी २४ ची झाली आणि कंप्युटरमध्ये १६ च राहिली तर माल लावायच्या यादीत ही बाटली चुकीच्या आकड्याने येते, आणि महिन्याभराने कुणीतरी जुन्या नकाशाप्रमाणे रांग परत लावून टाकतं.

गाडी किती वेळा, आणि कोणत्या दिवशी

ऑर्डर-पातळी म्हणजे ऑर्डर काढताना हातातला आणि वाटेतला माल मिळून किती असायला हवा तो आकडा. तो पुढच्या ऑर्डरचा माल येईपर्यंत पुरायला हवा. बुधवारी रात्रीची ऑर्डर शुक्रवारी येते, पण तिने मंगळवार सकाळपर्यंत पुरायचं: गुरुवार ते सोमवार, ४६ बाटल्या. चढउतारासाठी १७. पातळी ६३. ऑर्डर पूर्ण बॉक्सांत निघत असल्याने प्रत्यक्षात ६३ ते ७४ पर्यंत काहीही होऊ शकतं. गुरुवारच्या ७ वजा केल्या की शुक्रवारी सकाळी दुकानात ५६ ते ६७ बाटल्या. फळी २४ ची केली तरी ३२ ते ४३ मागे जाणारच. फेसिंग वाढवून शनिवार सुटतो, बॅकरूम सुटत नाही.

वेअरहाऊस तिसरी गाडी द्यायला तयार होतं. एका बाटलीसाठी कुणी गाडी वाढवत नाही, हा निर्णय पूर्ण रांगेवर, खरं तर पूर्ण दुकानावर होतो. प्रत्येक गाडीमागे दार उघडणं, माल उतरवणं, चलन ताडणं आणि पिंजरा-ट्रॉल्या रांगेप्रमाणे लावणं हा ठरलेला खर्च असतो. गाडीत ४५० बॉक्स असोत की ३००, त्यात फारसा फरक पडत नाही. तो खर्च परतफेड करायचा तर बॅकरूमचे हेलपाटे तेवढे कमी व्हायला हवेत.

वेअरहाऊसचा पहिला प्रस्ताव मंगळवार, गुरुवार, शनिवार असा होता. आठवडा समान वाटला जातो, वेअरहाऊसला रविवारची सुट्टी मिळते. पण शनिवारच्या गाडीने मंगळवार सकाळपर्यंत पुरायचं असतं. तिची ऑर्डर गुरुवारी रात्री निघते: शुक्रवार ते सोमवार ३९, चढउतार १६, पातळी ५५. शुक्रवारच्या ९ वजा करून शनिवारी सकाळी दुकानात ४६ ते ५७, त्यातले २२ ते ३३ मागे. तेही नेमकं शनिवारी सकाळी, जेव्हा माणसं दिवसाच्या तयारीत असतात.

दुकानाने मंगळवार, शुक्रवार, रविवार मागितले. रविवारची गाडी असल्यामुळे शुक्रवारच्या गाडीला फक्त रविवार सकाळपर्यंत पुरायचं: गुरुवार ते शनिवार ३०, चढउतार १४, पातळी ४४. शुक्रवारी सकाळी दुकानात ३७ ते ४८, मागे १३ ते २४. रविवारी सकाळी ३० ते ४१, मागे ६ ते १७. मंगळवारी ३२ ते ४३, मागे ८ ते १९.

गाड्या दोन्ही बेतांत तीनच. पण विक्री शुक्रवार-शनिवार-रविवारी साचते, म्हणून गाड्यांमधली दरी तिथेच कमी करायला हवी. सोमवार ते गुरुवार चार दिवसांत २५ बाटल्या खपतात, तिथे एक गाडी पुरते. दिवस समान अंतराने वाटले की कॅलेंडर छान दिसतं, पण माल कॅलेंडरप्रमाणे खपत नाही. वेअरहाऊसने शनिवारी रात्री माल भरायची पाळी लावली, आणि बदल्यात दुकानाने रविवारी सकाळी सहाला उतरवून घ्यायची हमी दिली. हमी म्हणजे उशीर झाला तर गाडी थांबणार नाही.

गाड्या आणखी वाढवून बॅकरूम शून्यावर आणता येईल का? या बाटलीपुरतं रोज गाडी आली तरी नाही, कारण बॉक्स १२ चा आहे. ऑर्डर-पातळीवर ११ पर्यंत जास्तीचा माल येणारच. बॉक्स ६ चा मिळाला तर हे ११ चे ५ होतात आणि फळीत १८ बाटल्या असतानाही बॉक्स बसतो. पुरवठादार काही वस्तूंना अर्ध्यात तुटणारा ट्रे देतात, आणि जिथे मिळतो तिथे तो एका गाडीपेक्षा स्वस्त उपाय ठरतो. या बाटलीला तो मिळाला नाही.

शुक्रवारची रात्र

आता सगळं जमलं असं कागदावर दिसत होतं, आणि पहिल्याच शनिवारी फळी संध्याकाळी सातला रिकामी झाली.

कारण जुनंच होतं. शुक्रवारी सकाळी फळी २४ ने भरली. दिवसभरात ९ गेल्या, १५ उरल्या. मोकळी जागा ९ ची, बॉक्स १२ चा. रात्रपाळीच्या माणसाने नियमाप्रमाणे बॉक्स फोडला नाही. शनिवार २४ ऐवजी १५ वर सुरू झाला, आणि शनिवारची सरासरीच १४ आहे. २४ चा सगळा हिशेब शनिवार भरलेल्या फळीवर सुरू होईल या गृहीतकावर उभा होता आणि ते गृहीतक कुणी तपासलं नव्हतं.

चौथं फेसिंग दिलं असतं तर ३२ च्या फळीत प्रश्नच उरला नसता. शुक्रवारी सकाळी ३२, रात्री २३, तीवर शनिवार जवळपास नेहमी निघतो. पण ती जागा ८ खपणाऱ्या भावाची गेली असती. त्याऐवजी एका रात्रीपुरता नियम बदलला. शुक्रवारी रात्री ठरलेल्या वस्तूंचे बॉक्स फोडून फळी काठोकाठ भरायची. या वस्तू रांगेत ३८ निघाल्या. निवडताना कसोटी एकच: शनिवारची चढउतारासकट मागणी शुक्रवारी रात्री उरणाऱ्या मालापेक्षा जास्त आहे का. बाकीच्या वस्तूंना जुना नियम लागू.

उरलेल्या ३ बाटल्यांचं काय करायचं हेही ठरवावं लागलं, कारण सुट्या बाटल्या हरवतात. बॅकरूममध्ये दारालगत एक वेगळी फळी फक्त फोडलेल्या बॉक्ससाठी ठेवली. एका वस्तूचा एकच फोडलेला बॉक्स, आणि पुढच्या वेळी तोच आधी संपवायचा. दुसरा फोडलेला बॉक्स सापडला तर दोन्ही तिथल्या तिथे एकत्र करायचे. काही दुकानं जादा माल रॅकच्या माथ्यावर ठेवतात. हलक्या मालाला ते ठीक आहे, पण हा बॉक्स ९ किलोच्या वर भरतो आणि डोक्याच्या उंचीवरून रोज काढायला लावणं बरं नाही.

शनिवारी रात्री दुकान बंद होताना आता फळीवर साधारण १० बाटल्या असतात. पूर्ण बॉक्स बसतो, आणि रविवारी सकाळी गाडी उतरताना उरलेली फळी भरते. रविवारी १०, सोमवारी ६, मंगळवारी सकाळी पुढची गाडी. शनिवारी दिवसा या बाटलीसाठी मागे जावं लागत नाही.

जे सुटलं नाही

कंप्युटर ५ म्हणत होता आणि बाटली नव्हती, ती नोंद नंतर उलगडली. गिऱ्हाईक तीन बाटल्या आणतं, तीन वेगळ्या सुगंधाच्या. किंमत सारखीच, म्हणून काउंटरवर एकच बाटली स्कॅन करून संख्या ३ टाकली जाते. एका वस्तूचा स्टॉक दोनाने खोटा उतरतो, बाकी दोघांचा एकेकाने खोटा चढा राहतो. वर्षभर हे साचत जातं. हे काही या दुकानापुरतं नाही. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या डीहोरेशियस आणि रमण यांच्या अभ्यासात एका किरकोळ विक्री साखळीच्या सुमारे ३ लाख ७० हजार स्टॉक-नोंदींपैकी ६५ टक्के नोंदी प्रत्यक्ष मोजणीशी जुळल्या नव्हत्या. इथे वर्षातून एकदा पूर्ण मोजणी व्हायची. आता फेरीत रिकामी सापडलेली आणि कंप्युटरवर शिल्लक दिसणारी प्रत्येक वस्तू त्याच दिवशी मोजून दुरुस्त होते. काउंटरवरची सवय मात्र पूर्ण गेलेली नाही, आणि जाईल असं वाटतही नाही.

हा हिशेब सगळ्या वस्तूंना जसाच्या तसा लावू नये. कागदी रोलसारख्या फुगीर मालाला फळी कितीही दिली तरी शनिवार पेलत नाही. तिथे जमिनीवर पूर्ण पॅलेट ठेवणं किंवा दिवसा भरायला एक माणूस नेमून देणं हेच खरं. उलट टूथब्रशला सगळ्यात कमी, म्हणजे एक-दोन फेसिंग दिली तरी दोन-तीन आठवड्यांचा माल मावतो. तिथे गाडी वाढवून काही मिळत नाही, बॉक्स लहान हवा.

सवलतीच्या आठवड्यात ही बाटलीसुद्धा हाताबाहेर जाते. शनिवारी १४ ऐवजी ४० खपतील असं दिसत असेल तर २४ ची फळी विसरून रांगेच्या टोकाला वेगळा ढीग लावावा लागतो. अडचण त्यानंतर येते. सवलत संपते, ढिगातल्या ३०-३५ बाटल्या मागे जातात, आणि फुगलेली विक्री बघून कंप्युटर पुढच्या बुधवारी नेहमीपेक्षा जास्त मागवतो. म्हणून सवलतीच्या आठवड्याची विक्री अंदाजातून वगळायची, आणि ढीग शेवटच्या दिवशी सकाळीच मोजून घ्यायचा. त्या दिवशी फळी बॅकरूममधून न भरता ढिगातून भरायची.